शालिनीताईंची ओळख कशी करून द्यावी?

*मी तालुक्याच्या गावातल्या लायन्स क्लबचा यंदाचा अध्यक्ष आहे. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, भाषणाची सवय नाही. पुढच्या मासिक सभेत दोन नव्या सदस्यांची ओळख मला करून द्यायची आहे. एक बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी दोन पानी बायोडेटा पाठवला. दुसऱ्या शालिनीताई (नाव बदललं आहे) एसटी स्टँडजवळ खानावळ चालवतात. आमच्या मोतीबिंदू शिबिराचं जेवण त्यांच्याकडून आलं होतं, तिथूनच त्यांचं नाव क्लबला सुचवणाऱ्या स्पॉन्सरशी ओळख झाली. त्यांना माहिती विचारली तर म्हणाल्या, “माझं काय सांगायचं, नुसतं नाव सांगा.” स्पॉन्सर म्हणतात, यजमान गेल्यावर त्यांनी किती हाल काढून मुलं शिकवली ते सांगा, सगळं सभागृह उभं राहील. एक माजी अध्यक्ष म्हणतात, डॉक्टरांचा परिचय पूर्ण वाचायचा, तशी पद्धत आहे. एकाचा परिचय पाच मिनिटं आणि दुसरीचा अर्धा मिनिट झाला तर बाईंना कमीपणा येईल, ही माझी भीती आहे. शपथ द्यायला माजी प्रांतपाल येणार आहेत. काय करावं?*

तुमची भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय तुम्ही उलट्या बाजूने शोधताय. शालिनीताईंचा परिचय लांबवू नका, डॉक्टरांचा आखडता घ्या. दोघांना दीड-दीड मिनिट. दीड मिनिटात सावकाश बोललात तर दीडशे-पावणेदोनशे शब्द होतात आणि एका माणसाची ओळख व्हायला तेवढे भरपूर आहेत. दोघांची माहिती एकाच क्रमाने सांगा: नाव, काम, कुठे भेटतील, क्लबशी संबंध कसा आला, कशात रस आहे. क्रम एक असला की तुलना आपोआप गळून पडते. दोन परिचय वेगवेगळ्या साच्यातले असले, एकाचा पदव्यांचा आणि दुसऱ्याचा कष्टांचा, की समोर बसलेला माणूस नकळत दोघांना दोन पायऱ्यांवर बसवतो.

स्पॉन्सर आणि माजी अध्यक्ष दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालले आहेत, आणि तुम्हीही थोडं तेच धरलंय: नव्या सदस्याचा परिचय म्हणजे त्याचा सत्कार. प्रमुख वक्त्याचा परिचय तसा असतो, कारण तासभर त्याचं ऐकून घ्यायचं असतं आणि त्यासाठी त्याचा अधिकार सांगावा लागतो. सदस्य मात्र जाणार नसतो. तो पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच खुर्च्यांमध्ये बसणार असतो. सभागृहातल्या लोकांना त्याच्याबद्दल एवढंच हवं असतं की राष्ट्रगीत झाल्यावर, हातात ताट घेऊन, त्याच्यापाशी जाऊन बोलायला काय विषय आहे. डॉक्टरांनी एम.डी. कोणत्या वर्षी केलं यावर कोणी संभाषण सुरू करत नाही. “तुमचा दवाखाना जुन्या नगरपालिकेसमोर, ना? नातवाला आणायचंय,” असं मात्र चारजण म्हणतील.

आता स्पॉन्सरच्या सूचनेबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, शालिनीताईंबद्दल त्यांना आदर आहे, यात मला शंका नाही. तरीही ते दुःख सभेत सांगू नका. तालुक्याचं गाव आहे. सभागृहात बसलेल्यांपैकी काहीजण त्यांच्या खानावळीत जेवत असतील, काहींची मुलं तिथून डबा नेत असतील. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच लोकांना त्यांनी भाजी वाढायची, पैसे मोजून घ्यायचे, उधारी मागायची. ज्या बाईसाठी काल आपण उभे राहून टाळ्या वाजवल्या तिच्याशी भाजीत मीठ कमी आहे असं कोण बोलेल? व्यवहारातला मोकळेपणा गेला की त्यांचंच नुकसान. शिवाय वैधव्याची गोष्ट एकदा माइकवरून सांगितली की पुढची कित्येक वर्षं क्लबमध्ये त्यांची तीच ओळख राहते. प्रत्येक पाहुण्याला कोणीतरी कानात सांगतं, “या त्या, ज्यांचे यजमान गेले.” आणि तुम्ही हेही पाहा की त्यांनी स्वतः अर्ज भरताना, तुमच्याशी बोलताना, या गोष्टीचा उल्लेख केलेला नाही. गोष्ट स्पॉन्सरला माहीत आहे, पण सांगण्याचा हक्क शालिनीताईंचा आहे.

“नुसतं नाव सांगा” या उत्तराने तुम्ही अडलात, कारण आपल्याकडे ते दोन अर्थांनी म्हटलं जातं. कधी तो विनय असतो, आपण आणखी एकदा विचारावं अशी अपेक्षा असते. कधी खरोखरच सांगायचं नसतं. फोनवर यातला फरक कळत नाही. म्हणून दुपारी चारच्या सुमाराला खानावळीत जा. दुपारची जेवणं आटोपलेली असतात, रात्रीची तयारी अजून जोरात नसते. स्पॉन्सरला बरोबर नेऊ नका, नाहीतर तेच बोलतील. आणि “तुमची माहिती द्या” असं म्हणू नका. त्या प्रश्नाने माणसाला शिक्षण आणि पुरस्कार आठवतात, आणि ते नसले की “माझं काय सांगायचं” एवढंच सुचतं. कामाबद्दल विचारा. रोज किती डबे जातात? सकाळी किती वाजता सुरुवात होते? सगळ्यात जास्त कोण येतं, विद्यार्थी, बँकेतले लोक, एसटीचे चालक-वाहक? शिबिराच्या दिवशी जेवणाचं काय काय झालं? क्लबमध्ये यावंसं का वाटलं? कोणत्या कामात हात लावायला आवडेल? आणि शेवटी, अगदी सरळ: “सभेत काय सांगितलेलं तुम्हाला आवडणार नाही?” हा प्रश्न डॉक्टरांनाही विचारा. एखाद्या डॉक्टरला पूर्वीच्या भागीदारीतल्या रुग्णालयाचं नाव नको असतं, आणि ते बायोडेटात मात्र तसंच राहून गेलेलं असतं.

त्याच भेटीत पैशांचंही स्पष्ट बोलून घ्या. प्रवेश शुल्क एकदाच, पण वर्गणीत आंतरराष्ट्रीय, प्रांताचा आणि क्लबचा असे वेगवेगळे वाटे असतात, आणि त्यावर सभेच्या जेवणाचा आणि शपथविधी सोहळ्याचा खर्च येतो. तुमच्या क्लबचा आकडा कागदावर लिहून द्या. टेल ट्विस्टर हे पदाधिकारी सभेत गमतीने दंड घेतात तेही सांगून ठेवा. पहिल्याच सभेत आपल्यापुढे दंडाचा डबा का धरलाय हे नव्या माणसाला कळत नाही आणि उगीच अवघडायला होतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ती म्हणजे शिबिराच्या जेवणाची. तिथे काय घडलं ते खोदून विचारा. समजा, त्यांनी सांगितलं की पेशंटमध्ये बरेच म्हातारे मधुमेहाचे होते, सगळ्यांना शिरा वाढायचा ठरला होता, त्यांनी रांगेत विचारून त्या लोकांसाठी वेगळा उपमा केला. ही एवढी गोष्ट त्यांच्याबद्दल सगळं सांगते: काम, नजर, आणि क्लबशी असलेला धागा. मधुमेह आणि दृष्टी ही दोन्ही लायन्सची जागतिक सेवाक्षेत्रं आहेत, त्यामुळे तुमच्या सभागृहाला त्यातलं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मग परिचय असा होईल:

“आज आपल्या क्लबमध्ये येत आहेत शालिनीताई. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ आहे. पहाटे साडेचारला त्यांची चूल पेटते आणि रोज साठ-सत्तर डबे तिथून बाहेर पडतात. आपल्यापैकी काहीजण त्यांना मोतीबिंदू शिबिरात भेटले आहेत. त्या दिवशी सकाळच्या नाश्त्याला शिरा होता. ताईंनी रांगेत उभ्या असलेल्या पेशंटना एकेक करून विचारलं, साखरेचा त्रास कोणाकोणाला आहे, आणि त्यांच्यासाठी वेगळा उपमा केला. आपल्या शिबिराच्या यादीत हा मुद्दा नव्हता, आता आहे. ताईंना शिबिरात पेशंटच्या नोंदणीचं आणि आहाराचं काम करायला आवडेल. त्या संध्याकाळी चार ते पाच खानावळीत निवांत भेटतात. मधुमेहाच्या पथ्याचं जेवण रोजच्या रोज कसं जमवायचं, हे ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आज जेवताना त्यांच्या शेजारी बसावं. त्यांना आपण शालिनीताई म्हणायचं, तेच त्यांना आवडतं. त्यांचे स्पॉन्सर त्यांना पिन देतील.”

मोठ्याने वाचून पाहा, दीड मिनिटाच्या आतच संपेल. यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. कष्टाळू, जिद्दी, सोज्ज्वळ, मनमिळाऊ, यांतला एकही शब्द घालू नका, कारण हे शब्द प्रत्येक परिचयात येतात आणि त्यामुळे कोणालाच लागू पडत नाहीत. “यांना परिचयाची गरज नाही” हेही टाळा. नव्या माणसाला ती गरज असतेच, त्यासाठीच तुम्ही उभे आहात. हा मजकूर सभेआधी ताईंना वाचून दाखवा. त्यांनी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर कारण न विचारता काढा.

डॉक्टरांचा परिचय याच साच्यात बसवा. दवाखाना कुठे, किती ते किती, कोणत्या वयाची मुलं पाहतात, क्लबमध्ये कोणी आणलं, शाळांच्या आरोग्य तपासणीत काय करायची इच्छा आहे. त्यांच्या बायोडेटाची दोन पानं वाया जाणार नाहीत, ती सचिवांच्या फाईलला लावा आणि माहितीपत्रकात छापा. वाचायला तो मजकूर बरा असतो, ऐकायला नसतो.

आता एक बाब, जी खानावळीपेक्षा जास्त नाजूक आहे. लायन्समध्ये स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व 1987 पासून मिळालं. त्याआधी त्यांच्यासाठी लायनेस क्लब असत आणि सदस्यांच्या पत्नींना आपल्याकडे लायन लेडी म्हणण्याची रीत पडली. ती अजून टिकून आहे. तुमच्या क्लबमध्ये बऱ्याच स्त्रिया सदस्यांच्या पत्नी म्हणूनच येत असतील, तर शालिनीताईंना त्यांच्यासोबतच बसवलं जाईल, आणि निवेदक सवयीने “लायन लेडी शालिनीताई” म्हणून जाईल. शालिनीताई लायन आहेत. त्यांना मत आहे, त्या पदाधिकारी होऊ शकतात, आणि त्यांची ओळख कोणाची पत्नी किंवा कोणाची आई म्हणून द्यायची नाही. निवेदकाला कागदावर “ला. शालिनी” असं स्पष्ट लिहून द्या आणि नाव दोनदा म्हणवून घ्या. “श्रीमती” लावायचं का, हे ताईंना विचारून ठरवा. ते लावलं की जे सांगायचं नाही असं आपण ठरवलं तेच सांगितल्यासारखं होतं.

पिनचंही आधी ठरवा. लायन्सची पिन डाव्या बाजूला, छातीवर लावतात, आणि सहसा स्पॉन्सरच लावतो. कोटाच्या कॉलरवर ते सोपं असतं. साडीच्या पदरावर, सगळ्यांसमोर, पुरुष स्पॉन्सरने पिन टोचायची म्हणजे दोघांचेही हात थरथरतात आणि फोटोग्राफर “एकदा परत” म्हणतो. स्पॉन्सरने पिन डबीसह हातात द्यावी आणि ती ताईंनी स्वतः किंवा क्लबमधल्या एखाद्या सदस्य बाईंनी लावावी. डॉक्टरांनाही पिन तशीच, हातात द्या.

शपथ इंग्रजीत असेल तर मराठी मजकूर करून माजी प्रांतपालांना चार दिवस आधी पाठवा आणि फोन करून त्यांची संमती घ्या. शपथ सदस्याला समजावी एवढीच तिची अपेक्षा असते, आणि मराठीत शपथ देणारे क्लब आहेत. मजकूर दोन्ही नव्या सदस्यांच्या घरीही आधीच द्या. मागून म्हणायचं वाक्य लांब असलं तर ते तीन-चार शब्दांत तोडून म्हणावं, असं पाहुण्यांना आवर्जून सांगा. नाहीतर अर्धं सभागृह नव्या सदस्याची अडखळ ऐकतं आणि तीच लक्षात राहते. शपथेनंतर “दोन शब्द बोला” असा आग्रह अचानक करू नका. बोलायचं का, हे चारच्या भेटीतच विचारून घ्या. नको म्हणाल्या तर मंचावर तो विषयच काढायचा नाही.

कार्यक्रमात हा भाग कुठे असावा? ध्वजवंदना आणि प्रार्थना झाली, सचिवांचा मागच्या महिन्याचा अहवाल झाला, की लगेच. वाढदिवस आणि लग्नाच्या वाढदिवसांच्या यादीत तो घुसवू नका, तिथे सगळे फोटोत असतात. वक्त्याच्या भाषणानंतरही ठेवू नका, तोवर मागची रांग जेवणाच्या बाजूला सरकलेली असते. फक्त एवढं बघा की तुमच्याकडे आठची सभा साडेआठला सुरू होत असेल, तर पहिल्या दहा मिनिटांत निम्मेच लोक असतात. अहवालाची जागा म्हणूनच बरी. तिथपर्यंत बहुतेक लोक आलेले असतात.

एक धोका मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण तो त्या संध्याकाळी दिसत नाही. ज्याच्या हातात काही कसब आहे अशा सदस्याला क्लब हळूहळू आपला पुरवठादार करून टाकतो. मंडपवाला सदस्य झाला की मंडप फुकट, छापखानेवाला झाला की पत्रिका फुकट, आणि खानावळ चालवणारी बाई आली की “ताई, पन्नास माणसांचं बघा ना, घरचंच आहे.” त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि वर्षभरात त्या सभेला येणं बंद करतात. म्हणून वरच्या परिचयात मी त्यांचं काम नोंदणी आणि आहार असं ठेवलं आहे, स्वयंपाक नाही. खजिनदारांना आजच सांगून ठेवा की क्लबला जेवण लागलं तर तीन ठिकाणचे दर घेतले जातील, आणि ताईंकडून घेतलं तर पूर्ण बिल दिलं जाईल. हा नियम एकट्या त्यांच्यासाठी न करता सगळ्याच व्यावसायिक सदस्यांसाठी करा, म्हणजे त्यात उपकाराचा वास येणार नाही. डॉक्टरांनाही तो लागेल. शिबिरात ते विनामूल्य तपासतील, पण त्यांच्या दवाखान्यात सदस्यांनी फी द्यायची.

माजी अध्यक्षांना आणि स्पॉन्सरला सभेच्या आदल्या दिवशी गाठा, ऐनवेळी नाही. दोघांचीही नाराजी तुम्ही त्यांना काम देऊन टाळू शकता. माजी अध्यक्षांना म्हणा, “डॉक्टरांचा पूर्ण परिचय आपण माहितीपत्रकात घेतोय, तो तुम्ही तपासून द्या.” स्पॉन्सरला म्हणा, “तुमची भेट शिबिरात कशी झाली ते दोन वाक्यांत तुम्हीच सांगा, मग मी बोलतो.” दोन वाक्यं आधी ऐकून घ्या. त्यात “बिचाऱ्या” किंवा “एकटीने” आलं, तर शांतपणे काढायला लावा. आणि त्यांना हेही सांगा की पिन देऊन स्पॉन्सरचं काम संपत नाही. पहिल्या तीन सभांना ताईंना बरोबर घेऊन येणं, जेवताना दर वेळी एका नव्या सदस्याशेजारी बसवणं, हे त्यांच्याकडे आहे.

रोटरी, इनर व्हील किंवा एखाद्या महिला मंडळात हीच अडचण असलेल्यांनी पिन आणि शपथेचा तपशील आपापल्या रिवाजाप्रमाणे बदलून घ्यावा. रोटरीत सदस्याची नोंद त्याच्या व्यवसायाच्या वर्गाखाली होते, त्यामुळे तिथे परिचय व्यवसायापाशीच संपण्याचा मोह जास्त. इनर व्हीलमध्ये अनेकदा सदस्याची ओळख अमुक रोटेरियनची पत्नी अशी सुरू होते आणि तिथेच थांबते. दोन्हीकडे तिसऱ्या वाक्याला तिला स्वतःला काय करायचंय तिथे या.

परिचय जमला की नाही ते जेवणाच्या रांगेत कळेल. लोक ताईंना नुसतं “अभिनंदन” म्हणून पुढे जात असतील, तर काहीतरी राहिलं. कोणी पथ्याचं विचारत असेल, कोणी पुढच्या शिबिराची तारीख सांगत असेल, तर जमलं. दुसऱ्या दिवशी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोबरोबर तोच दीड मिनिटाचा मजकूर टाका, नवीन काही लिहू नका. आणि पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत, तर सचिवांमार्फत निरोप न पाठवता तुम्ही फोन करा. रात्री आठ ही खानावळीत सगळ्यात गर्दीची वेळ असते. सभा महिन्यातून एकदा रविवारी सकाळी घेता येईल का, हा प्रश्न संचालक मंडळापुढे मांडायचा असेल तर आत्ताच मांडा. दवाखाना असलेल्या डॉक्टरांनाही ती वेळ सोयीची पडेल.